मराठी भाषा निवडली आणि पडद्यावर चौकोन आले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फोनवर, काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर फॉन्टबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकजण आधी पडद्याचा फोटो पाठवतात आणि मग विचारतात, "दादा, हे काय झालं?" फोटो जरूर पाठवा, पण त्याआधी पहिले तीन प्रश्न वाचा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

भाषा मराठी केली आणि सगळीकडे रिकामे चौकोन आले. इंग्रजीत तर सगळं नीट दिसत होतं. बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही, एक वस्तू कमी आहे. भाषा बदलणं आणि ती भाषा पडद्यावर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही मराठी निवडलीत तेव्हा यंत्राने मेनूंचे मराठी शब्द उचलले. ते शब्द त्याच्याकडे होते. पण यंत्रासाठी अक्षर म्हणजे फक्त एक नंबर असतो. जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या युनिकोड नावाच्या यादीत क चा नंबर 0915, म चा 092E, ळ चा 0933. या नंबरांचं चित्र करून देणारी फाइल म्हणजे फॉन्ट. फॉन्टच्या पोटात एक तक्ता असतो: अमुक नंबर आला की तमुक चित्र काढ. त्या तक्त्यात 0915 नसेल, तर यंत्र दुसरा फॉन्ट बघतं, मग तिसरा. कुठेच सापडलं नाही, तर फॉन्टमधलं शून्य नंबरचं चित्र काढतं. 'हे अक्षर माझ्याकडे नाही' असं सांगण्यासाठीच ते ठेवलेलं असतं आणि बहुतेक फॉन्टांत ते रिकाम्या चौकोनाचं असतं. या चौकोनांना जगभर गमतीने 'टोफू' म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू' यावरूनच आलं आहे.

इंग्रजी नीट दिसतं, कारण ए बी सी डीची चित्रं जवळपास प्रत्येक फॉन्टमध्ये असतात.

चौकोन मोजून बघा, गंमत कळेल. 'मराठी' या शब्दाचे साधारण पाच चौकोन दिसतील: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. 'क्ष' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण त्याचे तीन चौकोन येतात, कारण आत क, हलन्त आणि ष असे तीन नंबर आहेत. म्हणून चौकोनांची रांग खऱ्या शब्दापेक्षा लांब दिसते आणि लोक आणखी घाबरतात.

माझी नावं, मेसेज, फाइली गेल्या का?

नाही. रिकामा चौकोन म्हणजे नंबर शाबूत आहे, फक्त चित्र नाही. खात्री करायची तर चौकोनांचा तो मजकूर निवडा, कॉपी करा आणि जिथे मराठी नीट दिसतं तिथे पेस्ट करा. स्वतःलाच ईमेल करून दुसऱ्या फोनवर उघडलंत तरी चालेल. तिथे मराठी वाचता आलं, तर दोष फक्त फॉन्टचा.

एक मात्र करू नका. चौकोन दिसतात म्हणून मजकूर पुसून पुन्हा टाइप करायला बसू नका. नवीन टाइप केलेलंही चौकोनच दिसणार आहे, आणि जुनं मात्र कायमचं जाईल. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने सभासदांच्या नावांची अख्खी यादी अशीच पुसली होती.

चौकोन, प्रश्नचिन्हं, आणि à¤® असलं काहीतरी, हे सगळं एकच दुखणं आहे का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची दिशा चुकते. फॉन्टने फक्त चौकोन बरा होतो.

शब्दांच्या जागी ????? अशी साधी प्रश्नचिन्हं असतील, तर मजकूर एखाद्या जुन्या प्रोग्राममधून किंवा डेटाबेसमधून जाताना अक्षरांचे नंबर फेकले गेले आणि त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली. वरची कॉपी-पेस्टची चाचणी केलीत, तर दुसरीकडेही प्रश्नचिन्हंच येतील. मूळ फाइल शोधा, फॉन्ट शोधण्यात वेळ घालवू नका.

à¤®à¤°à¤¾ यासारखी रांग दिसली, तर नंबर आहेत, पण ते चुकीच्या पद्धतीने वाचले जात आहेत. फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे आणि प्रोग्राम तिला जुनी पाश्चात्त्य पद्धत समजतो आहे. फाइल उघडताना एन्कोडिंगमध्ये UTF-8 निवडा. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल उघडताना हे फार होतं.

काळ्या शंकरपाळीच्या आकारात प्रश्नचिन्ह (�) दिसलं, तर वाचताना काही बाइट मोडलेले सापडले. आणि मात्रेला किंवा वेलांटीला ठिपक्यांचं गोल (◌) लागलं, तर फॉन्ट आहे, फक्त ती मात्रा ज्या अक्षरावर बसायला हवी ते अक्षर तिच्या आधी नाही. बहुतेक वेळा टाइप करतानाच क्रम चुकलेला असतो.

मेनूच वाचता येत नाही. परत इंग्रजी कसं करू?

यात एक दिलासा आहे. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव शक्यतो त्याच भाषेत लिहिलेलं असतं. म्हणजे यादीपर्यंत पोचलात की English हा शब्द इंग्रजी अक्षरांत स्वच्छ दिसतो. अडचण फक्त यादीपर्यंत पोचायची.

विंडोजवर मेनू शोधत बसू नका. विंडोज की आणि R एकदम दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यातली अक्षरं चौकोनी असली तरी तुम्ही इंग्रजीत टाइप केलेलं दिसेल. हे टाइप करून एंटर दाबा:

```
ms-settings:regionlanguage
```

थेट भाषेचं पान उघडतं. वरच्या यादीत English निवडा, साइन आउट करून परत या. ज्या संगणकावर इंग्रजीचा पॅक काढून टाकलेला असतो तिथे यादीत English नसेल, तेव्हा तो त्याच पानावरून पुन्हा जोडावा लागतो.

अँड्रॉइडवर दातेरी चाकाच्या चित्राचं सेटिंग्ज उघडा. भाषा बहुतेक फोनांत 'सिस्टीम'मध्ये असते आणि 'सिस्टीम' यादीत अगदी तळाशी किंवा तळापासून एक-दोन ओळी वर. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरात त्याच कंपनीचा दुसरा फोन असेल तर तो शेजारी ठेवा आणि ओळी मोजत जा. आम्हीसुद्धा दुकानात हेच करतो.

लिनक्सवर टर्मिनल उघडून `export LC_ALL=C` लिहिलं की त्या खिडकीपुरतं सगळं इंग्रजीत बोलायला लागतं. तेवढं पुरतं, पुढचं काम खालच्या लिनक्सच्या प्रश्नात आहे.

विंडोजवर कुठला फॉन्ट टाकायचा?

विंडोज 8 पासून पुढे बहुधा कुठलाच नाही. त्यात `Nirmala UI` नावाचा फॉन्ट आधीच असतो आणि मेनूंचं मराठी त्याच्यातूनच येतं. नवीन विंडोजवर सगळीकडेच चौकोन दिसत असतील, तर कुणीतरी 'संगणक हलका करून देतो' म्हणत फॉन्टच्या फोल्डरमध्ये हात घातलाय का ते आधी विचारा. `C:\Windows\Fonts` उघडून Nirmala आहे का बघा.

जुन्या फाइली `Mangal`, `Kokila`, `Aparajita` किंवा `Utsaah` मागत असतील, तर विंडोज 10 पासून ते वेगळे घ्यावे लागतात. स्टार्टमध्ये `Optional features` शोधा, फीचर जोडायचं बटण दाबा आणि यादीतून `Devanagari Supplemental Fonts` निवडा. ते नसले तरी साधारणपणे चौकोन येत नाहीत. मजकूर निर्मलामध्ये दिसतो, फक्त ओळी आणि पानं इकडची तिकडे सरकतात. "अर्ज एका पानात बसत होता, आता दोन पानं होतात" ही तक्रार याच कारणाने येते.

विंडोज एक्सपीचे संगणक अजूनही काही दुकानांत आणि ऑफिसांत बिलांसाठी चालू आहेत. तिथे चौकोन ही अगदी नेहमीची गोष्ट. कंट्रोल पॅनेलमध्ये `Regional and Language Options` उघडा, `Languages` टॅबवर `Install files for complex script and right-to-left languages` समोर टिक करा. संगणक एक्सपीची सीडी मागेल. सीडी घरात कुणाकडे नसते, म्हणून हे काम तिथेच अडतं.

इंटरनेटवरून शिवाजी आणि कृतिदेव फॉन्ट टाकले. तरी चौकोन तसेच. का?

कारण ते या कामाचे फॉन्टच नाहीत. शिवाजी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी योगेश हे युनिकोड सर्रास वापरात येण्याआधीच्या काळातले. त्यांनी मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या नंबरांवर बसवली. इंग्रजी अक्षर टाइप करायचं आणि पडद्यावर मराठी चित्र यायचं. छापखान्यांनी आणि टायपिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं आणि ते उत्तम चाललं.

पण तुमच्या मेनूतल्या क चा नंबर 0915 आहे, आणि शिवाजीच्या तक्त्यात 0915 नाहीच. म्हणून असे पन्नास फॉन्ट टाकले तरी एकही चौकोन भरणार नाही. उलटी गंमत अशी की या फॉन्टमधली जुनी फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर चौकोन येत नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसते. तिला तोच जुना फॉन्ट लागतो किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते. थोडक्यात, खिचडी दिसली तर जुना फॉन्ट, चौकोन दिसले तर युनिकोड फॉन्ट.

युनिकोड फॉन्ट हवा असेल तर नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी, मुक्त किंवा बालू यांतला कुठलाही घ्या. चारही मोफत आहेत.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, भाषा मराठी केली आणि सगळं चौकोनी झालं. नीट पायऱ्या सांगाल का?

सांगतो, आणि गेल्या पावसाळ्यात दुकानात आलेल्या एका लॅपटॉपवरच सांगतो. गिरगावातल्या एका काकूंचा तो लॅपटॉप. नातवाने लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतला, जागा वाचवायला डेबियनची अगदी कमीत कमी सामग्री टाकली आणि आजीसाठी भाषा मराठी करून तो पुण्याला कॉलेजला निघून गेला. काकू म्हणाल्या, "अरे, ह्याच्यात नुसत्या खिडक्याच खिडक्या दिसतायत, चाळीसारख्या."

कमीत कमी सामग्री टाकताना मराठी अनुवाद आले, पण देवनागरी फॉन्ट आला नाही. पहिलं काम म्हणजे तपासणी. टर्मिनल उघडलं आणि हे लिहिलं:

```
export LC_ALL=C
fc-list :lang=mr
```

दुसरी ओळ विचारते की मराठी लिहू शकेल असा कुठला फॉन्ट यंत्रात आहे. उत्तरात काहीच आलं नाही, सरळ पुढची ओळ आली. म्हणजे निदान पक्कं. इथे यादी आली असती, तर दोष फॉन्टचा नसून एखाद्या प्रोग्रामचा असता.

नेट असतं तर एका ओळीत काम झालं असतं:

```
sudo apt install fonts-noto-core
```

हे पॅकेज मोठं आहे, त्यात जगभरच्या लिप्या येतात. फक्त देवनागरी हवी तर `fonts-lohit-deva` पुरतं. पण काकूंच्या लॅपटॉपचं वायफायच चालत नव्हतं, म्हणून मी दुकानातल्या संगणकावर नोटो सान्स देवनागरीची `.ttf` फाइल उतरवली आणि पेनड्राइव्हवरून आणली. साध्या जाडीची ती एक फाइल एक एमबीचीही नसते. पेनड्राइव्ह लावला, त्या फोल्डरमध्ये गेलो आणि:

```
mkdir -p ~/.local/share/fonts
cp NotoSansDevanagari*.ttf ~/.local/share/fonts/
fc-cache -f
fc-list :lang=mr
```

या वेळी शेवटच्या ओळीने फॉन्टचं नाव दाखवलं. तरीही मेनू चौकोनीच होते, आणि इथे बरेचजण हार मानतात. कारण साधं आहे: चालू असलेल्या प्रोग्रामांनी फॉन्टांची जुनी यादी आधीच वाचून ठेवलेली असते. लॉगआउट करून परत लॉगिन केलं आणि पडद्यावर 'कचरापेटी' हा शब्द आला. काकूंना तो पहिला शब्द वाचता आला म्हणून फार हसू आलं.

लॉगिनचा पडदा मात्र चौकोनीच राहिला. `~/.local/share/fonts` हे फोल्डर एका वापरकर्त्याचं असतं आणि लॉगिनचा पडदा वेगळ्या खात्यावर चालतो. फाइल `/usr/local/share/fonts` मध्ये ठेवून `sudo fc-cache -f` केल्यावर तोही सुधारला.

त्याच लिनक्सवर यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर अजून चौकोन येतात. आता काय?

ते जाणार नाहीत, सोडून द्या. तो काळा पडदा लिनक्सचा मूळ कन्सोल आहे. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 चित्रं मावतात आणि जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी अलीकडे आणणं हे त्याला येतच नाही. तुम्ही कुठलाही फॉन्ट टाका, तिथे मराठी दिसणार नाही. तिथलं काम इंग्रजीतच करा.

अँड्रॉइड फोनवर किंवा स्वस्त टॅबवर काय करायचं?

आधी सेटिंग्जमध्ये फॉन्टची स्टाइल मूळची करा. सुशोभित फॉन्ट लावल्यामुळे चौकोन आल्याची उदाहरणं आमच्याकडे बरीच येतात आणि हा उपाय फुकटचा आहे. मग सिस्टीम अपडेट आहे का बघा.

तरी नाही गेले, तर वाईट बातमी. अँड्रॉइडचे फॉन्ट `/system/fonts` मध्ये असतात आणि कुठली लिपी कुठल्या फॉन्टमधून काढायची त्याची यादी `/system/etc` मधल्या एका फाइलीत. हा भाग फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून फोनचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, तुम्हाला बदलता येत नाही. प्ले स्टोअरवरचे 'मराठी फॉन्ट' नावाचे बहुतेक ॲप स्वतःच्या खिडकीपुरतं मराठी दाखवतात, फोनच्या मेनूत काही भर घालत नाहीत. माझं स्पष्ट मत असं की घरच्या फोनसाठी रूट करायच्या भानगडीत पडू नये. बँकेची ॲप बंद पडतात ते वेगळंच.

नामवंत कंपन्यांच्या आताच्या फोनांत देवनागरी असतेच. हा प्रश्न मुख्यतः येतो तो बिननावाच्या टॅबमध्ये, टीव्ही बॉक्समध्ये आणि गाडीच्या स्क्रीनमध्ये, जिथे जागा वाचवायला कुणीतरी फॉन्ट काढून टाकलेले असतात. मीच एका विक्रेत्याकडून असा टॅब घेतला होता. खोक्यावर 'बावीस भाषा' छापलं होतं, आत निम्म्या भाषांचे चौकोन. तो परत घ्यायला लावण्यात तीन फेऱ्या गेल्या. तेव्हा घेतानाच दुकानात भाषा मराठी करून बघा.

जुनी आठवण निघालीच आहे तर: जिंजरब्रेड या जुन्या अँड्रॉइड आवृत्तीच्या काळातल्या बऱ्याच फोनांत देवनागरी नव्हतीच. तेव्हा लोक ऑपेरा मिनीमध्ये `opera:config` लिहून अवघड लिप्या चित्ररूपात मागवायचे आणि मराठी पेपर वाचायचे.

सगळं मराठी नीट दिसतं, पण ॲ, ळ किंवा ₹ एवढ्याच जागी चौकोन. हे कसं?

फॉन्ट आहे, पण त्याच्या तक्त्यात तेवढीच ओळ नाही. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, आवृत्ती 5.1 मध्ये. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टमध्ये ते असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून जुन्या संगणकावर 'ॲसिड' मधल्या पहिल्या अक्षराचा डबा होतो. ₹ हे चिन्ह सरकारने 2010 च्या जुलैमध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. त्याचीही तीच कथा. ळ मात्र सुरुवातीपासून आहे. तो चौकोनी दिसला तर फॉन्ट बनवणाऱ्याने फक्त हिंदीचा विचार केला, असं खुशाल समजा.

उपाय म्हणजे फॉन्टची नवी आवृत्ती किंवा दुसरा फॉन्ट. लिनक्सवर ळ असलेले फॉन्ट असे शोधता येतात:

```
fc-list ":charset=0933"
```

पत्रिका किंवा फ्लेक्स छापायचा असेल, तर फॉन्ट पसंत करण्याआधी 'ॲड. बाळासाहेब ऱ्हाटकर ₹' असं काहीतरी टाइप करून बघा. एका ओळीत सगळी परीक्षा होते.

'पुऱ्या', 'दऱ्या' अशा शब्दांत मधेच एक चौकोन येतो. तोही याच कारणाने?

थोडंसं वेगळं. 'पुऱ्या' मधला तो आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडणारं चिन्ह आणि य. त्या अदृश्य चिन्हाचा नंबर 200D. जुन्या प्रोग्रामला हे चिन्ह लपवायचं असतं हेच माहीत नसतं. तो त्याचं चित्र शोधतो आणि न सापडल्याने डबा काढतो. तो शब्द पहिल्या पद्धतीने, म्हणजे ऱ वापरून पुन्हा टाइप करा. पानभर मजकूर असेल तर शोधा-बदला वापरा.

फॉन्ट टाकला, बाकी सगळीकडे मराठी दिसतं, पण एकाच प्रोग्राममध्ये चौकोन. फॉन्ट पुन्हा टाकू?

नको. तो प्रोग्राम फॉन्ट बदलून बघायला तयार नाही, एवढाच अर्थ. विंडोजची जुनी काळी कमांड खिडकी ठरलेल्या एकाच फॉन्टला चिकटून बसते. तिथले मराठी फाइलींचे चौकोन कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलेत तर नाव स्वच्छ वाचता येतं. त्याऐवजी विंडोज टर्मिनल वापरा. अनेक गेम आपला स्वतःचा छोटा फॉन्ट सोबत घेऊन येतात आणि संगणकातल्या फॉन्टकडे बघतही नाहीत. तिथे तुमच्या हातात गेमची भाषा इंग्रजी ठेवणं एवढंच आहे.

अजून एक शक्यता. विंडोज 10 च्या 2018 च्या शेवटच्या आवृत्तीपासून फॉन्टवर साधं `Install` दाबलं की तो फक्त तुमच्या खात्यात बसतो. दुसऱ्या खात्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला तो दिसत नाही. फाइलवर राइट क्लिक करून `Install for all users` निवडा. लिनक्सच्या लॉगिन पडद्याची वर सांगितलेली भानगड हीच.

फक्त ब्राउझरमध्ये चौकोन, आणि त्यात बारीक आकडे लिहिलेत. ते काय?

ही फायरफॉक्सची मेहरबानी. चित्र नसलेल्या अक्षराचा नंबरच तो चौकोनात लिहितो, त्यामुळे निदान फुकटात होतं. आकडे 0900 ते 097F मधले असतील तर देवनागरी फॉन्ट हवा. E000 ते F8FF मधले असतील तर ते अक्षर नाही, वेबसाइटचं बटणावरचं चिन्ह आहे. साइटचा स्वतःचा फॉन्ट उतरला नाही, पान पुन्हा लोड करा. 01F ने सुरू होत असतील तर बहुधा तुमच्या यंत्राहून नवा इमोजी. त्याला मराठी फॉन्टने काही होत नाही, सिस्टीमच नवी लागते.

पीडीएफमध्ये चौकोन आहेत. मी फॉन्ट टाकला तर जातील?

बहुतेक नाही. पीडीएफ बनवताना फॉन्ट आत भरायचा असतो. ॲडोबी रीडरमध्ये File, Properties आणि मग `Fonts` टॅब उघडा. फॉन्टच्या नावापुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` नसेल, तर पाठवणाऱ्याला फॉन्ट आत भरून पुन्हा पाठवायला सांगा. ते असूनही चौकोनच असतील, तर बनवणाऱ्याच्या यंत्रावरच फॉन्ट नव्हता आणि चौकोन चित्र म्हणून आत गेले. दोन्ही बाबतींत दुरुस्ती पाठवणाऱ्याकडे.

वर्डची फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर File, Options, Save मध्ये `Embed fonts in the file` वर टिक करून द्या.

दुकानाचं बिल मराठीत केलं. पडद्यावर छान दिसतं, कागदावर चौकोन. प्रिंटर खराब?

नाही. बिलाचे छोटे थर्मल प्रिंटर बऱ्याचदा संगणकाकडून चित्र घेत नाहीत, नुसते अक्षरांचे नंबर घेतात आणि स्वतःच्या पोटातल्या फॉन्टने छापतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी क्वचितच असते. संगणकावर कितीही फॉन्ट टाका, प्रिंटरला ते कळत नाही. बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बिल चित्र किंवा ग्राफिक म्हणून छापायचा पर्याय शोधा. छपाई थोडी संथ होते, संध्याकाळच्या गर्दीत ते जाणवतं. पण अक्षरं नीट येतात. पर्याय नसेल तर निदान मालाची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा.

मनगटावरच्या बँडवर मराठी मेसेज चौकोनी दिसतात, फोनवर नीट. फोनमध्ये काय बदलू?

फोनमध्ये काही नाही. बँडचा फॉन्ट बँडच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्याच्या ॲपमधून फर्मवेअर अपडेट आलं असेल तर करा. नसेल तर त्या बँडवर मराठी येणार नाही.

वेबसाइट उघडली, अक्षरं विचित्र दिसली आणि 'फॉन्ट सापडला नाही, अपडेट करा' असं बटण आलं. दाबू का?

अजिबात नाही. 2017 मध्ये क्रोम वापरणाऱ्यांना असंच फसवलं गेलं. हॅक केलेल्या साइट मुद्दाम अक्षरं बिघडवायच्या आणि 'HoeflerText' नावाचा फॉन्ट नाही म्हणत एक प्रोग्राम उतरवायला लावायच्या. फॉन्टची फाइल `.ttf` किंवा `.otf` असते. कुणी फॉन्टच्या नावाने `.exe` दिली, तर ती उघडू नका, पुसून टाका. उघडली असेल तर संगणक नेटवरून तोडा आणि मग फोन करा, रविवारी दुकान बंद असतं.